दिवाळी अंकांचा मेल: सब्जेक्ट लाइन आणि पहिलं वाक्य

प्रश्न: नौपाड्यात आमचं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. न्यूजलेटरच्या यादीत साधारण चौदाशे गिऱ्हाइकं आहेत, बहुतेक ठाण्यातली, थोडी ऐरोली-वाशीकडची. दर दिवाळीला दिवाळी अंकांचा मेल पाठवतो. सब्जेक्ट असतो 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा आणि दिवाळी अंकांवर विशेष सवलत!!' आणि सुरुवात 'आपणास व आपल्या कुटुंबीयांस ही दिवाळी सुखाची, समृद्धीची जावो' अशी. फारसं कोणी दाद देत नाही. सब्जेक्ट लाइन काय ठेवावी आणि पहिलं वाक्य कसं लिहावं?

उत्तर: तुम्ही जोडलेला गेल्या वर्षीचा मेल मी आधी स्वतःला पाठवून पाहिला. काल संध्याकाळी ठाणे स्टेशनवर वाशी लोकलची वाट बघत उभा होतो, तेव्हा फोन काढला. मेल उघडला नाही, नुसता यादीत बघितला, कारण तुमचं गिऱ्हाईकही तो आधी असाच बघणार. तीन ओळी दिसल्या. वर ठळक अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव: info. त्याखाली सब्जेक्ट: 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा आणि दि…'. आणि त्याखाली करड्या रंगात: 'हा ई-मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा. आपणास व…'.

या तीन ओळींत तुमच्या दुकानाचं नाव नाही, पुस्तक नाही, दिवाळी अंक नाही. 'दि' वर गाडी थांबली.

ती तिसरी करडी ओळ नीट बघा. मेलच्या मजकुरात सगळ्यांत वर जे काही अक्षर सापडेल ते उचलून इनबॉक्स तिथे दाखवतो. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य मेल उघडल्यावर वाचलं जातं असं तुम्ही धरून चाललात, पण ते वाचलं जातं उघडायच्या आधी, सब्जेक्टला खेटून. उघडायचं की अंगठ्याने वर सरकवायचं हे लोक या दोन ओळी मिळून ठरवतात. म्हणून मी दोन्ही एकत्र लिहितो, कागदावर एकाखाली एक, आणि दोन्हींत एकही शब्द दोनदा येऊ देत नाही. सब्जेक्टमध्ये 'शुभेच्छा' आणि खाली पुन्हा 'सुखाची, समृद्धीची' म्हणजे दोन्ही ओळी एकाच कामाला जुंपल्या. आणि ते काम त्या आठवड्यात बँक, विमा कंपनी, बिल्डर, दातांचा डॉक्टर असे सगळेच करत असतात. धनत्रयोदशीच्या सकाळी स्वतःचा इनबॉक्स उघडून बघा, एकाखाली एक तेच वाक्य दिसेल. त्या रांगेत तुमचं वाक्य कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी डोळा त्यावर थांबत नाही.

सब्जेक्ट किती लांब असावा हे लोक नेहमी अक्षरांत विचारतात. देवनागरीत ते मोजणं फसवं आहे, कारण फोन ओळ तोडतो रुंदीवर, अक्षरसंख्येवर नाही. 'च्छा' आणि 'र' सारखी जागा घेत नाहीत, शिवाय कुणाच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तुमच्या वाचकांत चष्म्याचा नंबर वाढलेले बरेच असणार, तेव्हा हे होणारच. मी एवढंच पाळतो की मतलबाचा शब्द पहिल्या तीन शब्दांत यायला हवा आणि बाकीचं तुटलं तरी अर्थ उरायला हवा. मग फोनचा फॉन्ट मोठा करून स्वतःला एकदा पाठवून बघतो.

आता मतलबाचा शब्द कोणता? तुमचं 'विशेष सवलत' हे सगळ्यांत आधी काढा. सवलत ऑनलाइनवाले तुमच्यापेक्षा जास्त देतात आणि वाचकाला ते माहीत असतं. 'दिवाळी अंकांची गौरवशाली परंपरा' हेही नको. तुमच्या एका जुन्या मेलची सुरुवात अशी होती की १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वगैरे. माहिती खरी आहे, पण तुमच्या यादीतल्या माणसाला ती तुमच्याकडून नको आहे. दुकानात आल्यावर तो काय विचारतो ते आठवा. तुम्ही प्रश्नासोबत जी चिठ्ठी जोडलीत त्यात ते आहेच: 'लोक येऊन विचारतात, सगळे अंक आले का? सांगतो की नऊ आलेत, बाकीचे येतायत. वितरक म्हणतो वसुबारसेपर्यंत, पण गेल्या वर्षी तीन अंक पाडव्यानंतर आले.'

अहो, हाच मेल आहे! अंक एकदम येत नाहीत, कुणी दसऱ्याआधी बाजारात येतो, कुणी लक्ष्मीपूजन उलटून गेल्यावर, आणि दर वर्षी दिवाळी अंक घेणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. तो दुकानात दोनदा फेरी मारतो किंवा 'सगळे आले की जाऊ' म्हणत राहून जातो. नक्की कोणते आले हे सांगू शकणारं त्याच्या ओळखीचं दुकान तुमचं आहे. म्हणून मी असं लिहीन:

सब्जेक्ट: *नऊ दिवाळी अंक आले, बाकीचे कधी?*

पहिलं वाक्य: *वितरक वसुबारस म्हणतो, पण गेल्या वर्षी तिघांनी पाडवा उलटवला, म्हणून आलेल्यांची नावं खाली देतोय.*

पहिल्या ओळीने प्रश्न टाकला आणि दुसरीने त्याचं उत्तर सुरू केलं. 'नऊ' हा आकडा मुद्दाम पहिला ठेवलाय. तो खरा आहे, आजचा आहे आणि उद्या अकरा होणार आहे. यादी खरंच खाली असायला हवी, नऊच्या नऊ नावांची, पानं आणि किंमत लिहून. नाहीतर ही ओळ फसवणूक ठरेल. सब्जेक्ट तुटून 'नऊ दिवाळी अंक आले, बा…' एवढंच दिसलं तरी काम होतं.

हीच जोडी आधी दोनदा चुकली होती तेही सांगतो. पहिल्यांदा लिहिलं 'दिवाळी अंक आले!'. छोटं आहे, ऐकायलाही छान, पण अर्धसत्य आहे, कारण ज्याला हवा तो अंक आलेला नसेल तर माणूस गोखले रोडच्या गर्दीतून येऊन हात हलवत परत जाईल. दुसऱ्यांदा लिहिलं 'तुमचा आवडता दिवाळी अंक आला का?'. यात 'तुमचा आवडता' हे पहिले दोन शब्द कपड्यांपासून केबलपर्यंत सगळ्यांनी वापरून झिजवलेत.

दिवाळीचा मेल म्हटलं की 'दिवाळी' हाच शब्द घालायचा असंही नाही. आपल्या सणाला सहा दिवसांची सहा नावं आहेत आणि प्रत्येक नावात तारीख लपलेली आहे. 'वसुबारस' म्हटलं की सुरुवात कळते. 'भाऊबीज' म्हटलं की शेवटचा दिवस कळतो, आणि कुणाला द्यायचं हेही कळतं. तुमच्या दुसऱ्या मेलचा सब्जेक्ट त्यातूनच निघतो: *भाऊबीजेला ताईसाठी पाच अंकांचा संच*. त्याखालचं पहिलं वाक्य: *ठाण्यात असेल तर आदल्या दिवशी घरी पोचवू, पुण्या-नाशिकला असेल तर धनत्रयोदशीच्या आत सांगा, कुरियर नंतर अडकतं.* मुदत सांगायला 'घाई करा' किंवा 'शेवटची संधी' लागलं नाही. कुरियरवाला पाडव्याला गाडी काढत नाही हे कारण पुरेसं आहे. तुमच्या कुरियरचं नेमकं वेळापत्रक विचारून तारीख बदला, माझी जशीच्या तशी घेऊ नका. एक बारीक गोष्ट म्हणजे नवी मुंबईकडच्या यादीत अमराठी नावंही दिसतात. त्यांच्या तोंडी 'धनतेरस' असतं. पण तुमचे वाचक मराठी पुस्तकं घेणारे आहेत, तेव्हा 'धनत्रयोदशी'च ठेवा.

आता मी केलेली एक घोडचूक. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका मिठाईवाल्यासाठी मी मेल लिहायचो. फराळाची आगाऊ नोंदणी थंड होती, म्हणून मी सब्जेक्ट टाकला 'तुमची फराळाची ऑर्डर थांबली आहे'. आत लिहिलं होतं की अजून ऑर्डर दिली नसेल तर आजच द्या. उघडणारे भरपूर निघाले, मी खूश. तासाभरात दुकानाचा फोन वाजायला लागला. ज्यांनी पैसे भरून ऑर्डर दिली होती त्यांना वाटलं आपली अडकली. एक काका तर पावती घेऊन काउंटरवर उभे. मालकाने मला फोन करून शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, 'तुम्ही हे घरच्यांना पाठवलं असतं का?' त्यानंतर यादीतून नाव काढून घेणारे आणि मेलला स्पॅम ठरवणारे दोन्ही वाढले.

तुमच्यासारख्या यादीला स्पॅमचं बटण जास्त बोचतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लावले, त्यात तक्रारीचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यावर जाऊ देऊ नका असं आहे. चौदाशे माणसांत ०.३ टक्का म्हणजे चार माणसं. मोठ्या कंपनीला चार चिडलेले लोक जाणवतही नाहीत. तुम्ही त्या 'मोठ्या'त मोडत नाही, कारण ती मर्यादा दिवसाला पाच हजार मेलची आहे. पण मेल इनबॉक्समध्ये टाकायचा की स्पॅममध्ये, हे ठरवताना तक्रारी सगळ्यांच्याच बघितल्या जातात. म्हणून सब्जेक्टमध्ये खोटं 'Re:' लावू नका, 'पावती', 'ऑर्डर', 'खातं' असे व्यवहाराचे शब्द व्यवहार नसताना वापरू नका, आणि नाव काढण्याची लिंक तळाशी ठळक ठेवा. ज्याला ती सापडत नाही तो स्पॅमचं बटण दाबतो.

करड्या ओळीचा तांत्रिक भाग थोडक्यात. बहुतेक न्यूजलेटरच्या सेवांत Preview text नावाची जागा असते, तिथे पहिलं वाक्य टाका. ती रिकामी सोडली की 'नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा' वर येतं, जे तुमच्या बाबतीत झालं. तुमचा पुतण्या स्वतः टेम्प्लेट बनवतो म्हणालात, तर त्याला मजकुराच्या अगदी वर हे घालायला सांगा:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
वितरक वसुबारस म्हणतो, पण गेल्या वर्षी तिघांनी पाडवा उलटवला…
</div>
```

हे मेलमध्ये दिसत नाही, यादीत दिसतं. पण मला स्वतःला यापेक्षा साधा उपाय आवडतो: ती क्लिक-करा ओळ तळाला हलवा, आणि खरंखुरं पहिलं वाक्य पणत्यांच्या चित्राच्या वर, साध्या अक्षरात ठेवा. तुमच्या मेलमध्ये सगळ्या शुभेच्छा आणि सवलतीचा मजकूर चित्रातच कोरलाय. ज्याच्याकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत त्याला एक पांढरा चौकोन दिसतो. पणतीच्या इमोजीचंही तेच. तो युनिकोडमध्ये २०१९ साली आला, त्याआधीच्या फोनवर सब्जेक्टच्या सुरुवातीलाच रिकामी चौकट उमटते. घालायचाच असेल तर शेवटी घाला, सुरुवातीला नको.

पुस्तकाच्या धंद्यातला आणखी एक खड्डा आहे. जाहिरातीचा मजकूर तुम्ही डीटीपीवाल्याकडून घेता ना? जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी कागदावर सुंदर छापलं जातं, पण तेच कॉपी करून सब्जेक्टमध्ये डकवलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. मेलच्या पोटात कधी कधी फॉन्टमुळे ठीक दिसतं आणि चूक लक्षात येत नाही. सब्जेक्टला मात्र तुमचा फॉन्ट लागतच नाही. त्यामुळे सब्जेक्ट आणि पहिलं वाक्य फोनवरच मराठी कीबोर्डने टाइप करा.

'नमस्कार अमुक' असं नाव घालण्याबद्दल तुम्ही विचारलंत. तुमची यादी मी वरवर चाळली. कुणाचं नाव 'Mrs. K S', कुणाचं नुसतं 'joshi', चाळीसेक जागा रिकाम्या. `*|FNAME|*` सारखी खूण घातली की या माणसांना 'नमस्कार Mrs.' असं जाईल, आणि तेच करड्या ओळीत सगळ्यांत पुढे दिसेल. यादी साफ होईपर्यंत नाव घालू नका. संबोधनाशिवाय वाक्य कोरडं वाटेल ही भीती असेल तर आवाज बदला. काउंटरवर तुम्ही 'या काका, बसा, तुमचा अंक काढून ठेवलाय' म्हणता, आणि मेलमध्ये अचानक 'आपणास व आपल्या कुटुंबीयांस' होतं. 'तुम्ही'ने लिहा आणि भूतकाळात 'आलात', 'घेतलात', 'विचारलंत' अशी रूपं वापरा. ती काकांना आणि काकूंना दोघांनाही चालतात, लिंगाचा प्रश्न उरत नाही.

दोन सब्जेक्ट अर्ध्या-अर्ध्या यादीला पाठवून कोणता चालतो ते बघा, असा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय. करा, पण निकालावर फार विसंबू नका. सातशे-सातशेचे दोन गट केले आणि साधारण पाव लोकांनी उघडलं असं धरलं, तर नुसत्या योगायोगाने चार-साडेचार टक्क्यांचा फरक पडू शकतो. एकाचं २५ आणि दुसऱ्याचं २८ आलं म्हणजे दुसरा जिंकला असं म्हणता येत नाही. त्यात 'उघडलं' हा आकडाच आता गढूळ आहे. २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ बरोबर अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आली की माणसाने मेल बघायच्या आतच त्यातली चित्रं पार्श्वभूमीला उतरवली जातात, आणि पाठवणाऱ्याकडे 'उघडलं' अशी नोंद पडते. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये वाचणाऱ्यांना हे लागू नाही, पण तुमच्या यादीत कोण काय वापरतं ते तुम्हाला माहीत नाही. त्यापेक्षा यादीतल्या अंकांच्या नावांवर किती जणांनी बोट ठेवलं ते मोजा, आणि मेलला उत्तरं किती आली ते मोजा. पहिल्या वाक्यानंतर लगेच एक ओळ घाला: 'तुम्हाला हवा तो अंक यात नसेल तर याच मेलला नुसतं नाव लिहून पाठवा, आला की बाजूला काढून ठेवतो.' मग पाठवणाऱ्याचा पत्ता noreply असून चालणार नाही, आणि 'info'च्या जागी दुकानाचं नाव लागेल, मराठीतच. गल्ल्याजवळ एक वही ठेवा, 'मेल बघून आलो' म्हणणाऱ्याची एक काडी मारा. पुढच्या दिवाळीला ती वही कामाला येईल.

पाठवायचं कधी? पहिला मेल नऊ अंक हातात असताना, म्हणजे या आठवड्यातच, कामाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास. दुसरा, भाऊबीजेचा, धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी. नरक चतुर्दशीच्या सकाळी काही पाठवू नका. अर्धं ठाणं त्या वेळी राम मारुती रोडला आणि तलावपाळीला दिवाळी पहाटला असतं, फोन हातात असतो पण फोटो काढायला. आणि सगळे अंक आल्यावर तिसरा मेल, पाडव्यानंतर, कारण गेल्या वर्षी ज्या तीन अंकांनी उशीर केला त्यांचे वाचक तुमच्याकडे विचारून गेलेत. त्याचा सब्जेक्ट 'उशिरा आलेले तीन अंक' एवढाच पुरे, पहिल्या वाक्यात तिघांची नावं.

राहता राहिल्या शुभेच्छा. त्या काढू नका, खाली न्या. अंकांची यादी, वेळ, पत्ता झाला की तळाशी, तुमच्या सहीच्या वर एक ओळ, काउंटरवर पिशवी हातात देताना जे म्हणता तेच. तुमच्या चिठ्ठीच्या शेवटी तुम्ही मला लिहिलंत ना, 'बाकी दिवाळीला या, चहा घेऊ', ती ओळ चालेल.